लाजाळू मुलासाठी गाण्याच्या क्लासला पत्र: ट्रायल आणि फीबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी लहान मुलांना गाणं आणि हार्मोनियम शिकवते. क्लास घरातच आहे, एका गटात चार-पाच मुलं. दर जूनमध्ये आणि दिवाळीनंतर पालकांच्या चौकशा येतात, आणि त्यात हटकून दोन-तीन पत्रं अशा मुलांची असतात जी घरी गातात पण बाहेर तोंडातून ब्र काढत नाहीत. हे पत्र कसं लिहावं, त्यात काय विचारावं आणि उत्तर आल्यावर काय बघावं, याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारलं जातं. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

फोन करून विचारलं तर चालत नाही का? पत्रच कशाला?

फोन चालतो, पण अशा मुलाच्या बाबतीत लिहिलेलं बरं. शिकवणारी व्यक्ती संध्याकाळी वर्गात असते, तेव्हा फोन घेतला तरी दोन मिनिटांत आटपावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फोनवर आई सांगत असते, "ती फार बुजरी आहे हो, कुणाशी बोलतच नाही," आणि मूल शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत असतं. लिहिलेला मजकूर मूल ऐकत नाही आणि ट्रायलच्या दिवशी मी तो पुन्हा वाचू शकते. व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी तेही पत्रच. फक्त एका निरोपात सलग लिहा, पंधरा तुकड्यांत नको.

पत्रात "मूल लाजाळू आहे" एवढं लिहिलं तर पुरे ना?

नाही. या एका शब्दावरून मला काहीच करता येत नाही. लाजाळू म्हणून माझ्याकडे आलेली मुलं एकमेकांपेक्षा फार वेगळी निघाली. एक मुलगा अनोळखी माणसाशी बोलायचा नाही, पण चार मुलांत बसवलं की सगळ्यांत मोठ्याने गायचा. एक मुलगी छान बोलायची, प्रश्न विचारायची, पण कुणी तिच्याकडे बघत असलं की आवाज बंद. आणखी एकाला माणसांची भीती नव्हतीच, त्याला चूक होण्याची भीती होती. सूर लागला नाही तर हसतील, म्हणून तो गायचाच नाही. तिघांनाही घरी "लाजाळू" हाच शब्द होता, आणि तिघांसाठी पहिला तास वेगळा घ्यावा लागला.

म्हणून स्वभावाला नाव देऊ नका, मूल काय करतं ते लिहा. घरी गातं का, कधी गातं, कुणासमोर गातं? नव्या जागी गेल्यावर पहिली दहा मिनिटं काय करतं? कशाने मोकळं होतं? आणि पूर्वी काही घडलं असेल, म्हणजे कुणी हसलं किंवा जबरदस्तीने उभं केलं, तर ते जरूर लिहा. "गाऊन दाखव" हे दोन शब्द काही मुलांना नुसते ऐकवत नाहीत, आणि मला ते माहीत नसेल तर मी नेमके तेच बोलून बसेन.

नमुना म्हणून एखादं पत्र दाखवाल का?

माझ्याकडे आलेलं एक पत्र देते. त्या आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

*आदरणीय ताई,*

*सप्रेम नमस्कार.*

*आपल्या क्लासबद्दल शेजारच्यांकडून कळलं. माझी मुलगी ८ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. घरी दिवसभर गुणगुणत असते. एखादं गाणं दोन-तीनदा ऐकलं की चाल बरोबर धरते. बाहेरच्या माणसांसमोर मात्र तिला शब्द फुटत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला एकटीला माइकपुढे उभं केलं होतं. ती रडत खाली आली. तेव्हापासून पाहुण्यांनी "गाऊन दाखव" म्हटलं की उठून आतल्या खोलीत जाते. नव्या जागी पहिला अर्धा तास नुसती बघते, पण हाताला काम दिलं तर लवकर रुळते.*

*काही गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रायलला ती एकटी असेल की इतर मुलांबरोबर? पहिल्या दिवशी तिला एकटीला गायला सांगणार नाही ना? मी वर्गात बसले तर चालेल का? एका तासात ती तोंड उघडेल असं मला वाटत नाही. दुसरा ट्रायल तास मिळेल का, आणि त्याचे पैसे किती?*

*फी महिन्याची असते की तीन महिन्यांची? दीड महिन्यात तिला नकोसं झालं तर भरलेल्या फीचं काय होतं? आम्हाला महिन्याला १,५०० ते १,६०० रुपयांपर्यंत जमेल. प्रवेश, परीक्षा, कार्यक्रम यांचे पैसे वेगळे असतील तर तेही कळवावे.*

*यातलं काही तिच्यासमोर बोलू नये, ही विनंती. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर आम्ही येऊ शकतो.*

*आपली,*
*(नाव आणि फोन)*

या पत्रातलं सगळ्यांत उपयोगी वाक्य माझ्या दृष्टीने "हाताला काम दिलं तर लवकर रुळते" हे होतं. त्यावरच मी पहिला तास आखला. आणि "दुसरा ट्रायल तास मिळेल का" हा प्रश्न फारच थोडे पालक विचारतात, तो प्रत्येकाने विचारायला हवा.

एका ट्रायल तासात काय कळतं?

बोलक्या मुलाबद्दल पुष्कळ कळतं. गप्प मुलाबद्दल जवळजवळ काहीच नाही. पहिल्या तासाला ते खोली बघतं, माणसं बघतं, दार कुठे आहे ते बघतं. त्याचा सूर कसा आहे, त्याला आवडलं का, हे त्या दिवशी ना मला कळतं ना तुम्हाला. तरी घरी जाताना रिक्षात विचारलं जातं, "मग, आवडलं का? जायचं का उद्यापासून?" मूल खांदे उडवतं आणि विषय संपतो.

त्यामुळे निदान दोन तास मागा. शक्य असेल तर ते एकाच आठवड्यात, त्याच खोलीत, त्याच मुलांबरोबर घ्या. वेगळ्या दिवशी वेगळ्या गटात बसवलं तर दुसरा तासही पहिलाच ठरतो.

त्या मुलीच्या ट्रायलला प्रत्यक्षात काय झालं?

बुधवारी पाच वाजता चार मुलांचा गट होता. आई दाराशी खुर्चीवर बसली. मुलीचं नाव मी विचारलं नाही, ते पत्रातून ठाऊक होतंच. तिला हार्मोनियमच्या पलीकडे, माझ्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "माझा हात आज दुखतोय, तू भाता मारशील का?" हार्मोनियमचा भाता वाजवणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असतो, त्यामुळे समोर बसलेल्या मुलाला तो सहज हलवता येतो आणि माझे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. तिने भाता धरला. सुरुवातीला जोरात ओढला, सूर एकदम मोठा झाला, ती दचकली. मग हळू केला, सूर बारीक झाला. हात थांबवला, सूर विरून गेला. हे तिने पाच-सहा वेळा करून पाहिलं. बाकीची मुलं तोवर सा लावून थांबली होती, आणि सूर टिकवणं हिच्या हातात होतं.

मग आम्ही भूप रागाचे स्वर घेतले. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे लहान मुलांना सोपे जातात. चार मुलं गात होती, ती भाता मारत होती. चाळीस मिनिटांत तिने एक शब्द उच्चारला नाही. मी तिच्याकडे एकदाही टक लावून पाहिलं नाही.

शुक्रवारी ती आली ती सरळ हार्मोनियमसमोर जाऊन बसली. त्या दिवशी तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. रात्री आईचा निरोप आला की न्हाणीघरात ती सा रे ग प ध म्हणत होती आणि मधेच थांबून "नाही, आधी सा" असं स्वतःलाच सांगत होती. आईने तिथल्या तिथे प्रवेश घेतला.

गटाबरोबर तिचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो पाचव्या तासाला. शेजारच्या मुलीबरोबर जोडीने गायली त्यानंतर महिन्याभराने. एकटीने एक ओळ गायली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर, म्हणजे जूनमध्ये आलेल्या मुलीला जवळपास पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती शिकत नव्हती असं नाही. तिचा भूप गटातल्या दोघांपेक्षा पक्का होता.

ट्रायलचे पैसे द्यावे लागतात का?

कुठे पहिला तास मोफत असतो, कुठे त्याचे पैसे घेतात आणि प्रवेश घेतला तर पहिल्या महिन्याच्या फीतून वजा करतात. दोन्ही पद्धती रास्त आहेत. मोफत ट्रायलमध्ये एकच गोष्ट तपासा. काही ठिकाणी तो नेहमीचा तास नसतो, नव्या दहा-पंधरा मुलांना एकत्र बसवून घेतलेला कार्यक्रम असतो. तुमचं मूल पुढे ज्या गटात बसणार आहे तो गट त्यात दिसत नाही. थोडे पैसे देऊन खऱ्या गटात बसायला मिळत असेल तर तेच घ्या.

फीबद्दल नेमकं काय विचारायचं?

"फी किती?" या प्रश्नाचं उत्तर एक आकडा असतं आणि तो आकडा पुरेसा नसतो. लाजाळू मुलाच्या पालकांनी सगळ्यांत आधी विचारायचं ते हे: मधेच थांबलो तर किती पैसे जातील? या मुलांचं चालेल की नाही हे सहा-सात आठवड्यांशिवाय कळत नाही, आणि नेमक्या त्याच काळात तिमाही फी भरून झालेली असते.

एक हिशेब मांडते. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण असे फरक नेहमी दिसतात. पहिल्या क्लासची प्रवेश फी ५०० रुपये आणि तिमाही फी ४,२०० रुपये, परत मिळत नाही. दुसऱ्या क्लासला प्रवेश फी नाही, महिन्याला १,६०० रुपये. वर्षभर गेलात तर पहिला क्लास १७,३०० रुपयांना पडतो आणि दुसरा १९,२०० रुपयांना. पहिला १,९०० रुपयांनी स्वस्त. पण सहा आठवड्यांत थांबलात तर पहिल्या क्लासात ४,७०० रुपये गेलेले असतात आणि दुसऱ्यात दोन महिन्यांचे ३,२०० रुपये.

इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. फी भरून झाली की घरात वाक्यं सुरू होतात: "एवढे पैसे भरलेत, आता जायचंच." गप्प मुलाला हे फार लागतं. आपल्या गप्प राहण्यामुळे आईबाबांचे पैसे गेले, असं ते मनात धरून बसतं. म्हणून मी पालकांना सांगते की तिमाही फीच्या क्लासलाही विचारून बघा, पहिले तीन महिने दरमहा भरले तर चालेल का, महिन्याला दोनशे रुपये जास्त घ्या. वर्षाकाठी सहाशे रुपयेच वाढतात. अनेक जण तयार होतात, फक्त हे पैसे भरायच्या आधी विचारावं लागतं.

बाकीच्या गोष्टी एका दमात विचारून घ्या: मुलाचा तास बुडाला तर भरून देतात का, मे महिन्याच्या सुट्टीची फी असते का, वार्षिक कार्यक्रमाचे आणि पोशाखाचे पैसे वेगळे का, पावती मिळते का. हार्मोनियम लगेच विकत घ्यायला सांगत असतील तर थांबा. पहिले सहा महिने सरावाला मोबाइलवरचा तानपुरा पुरतो.

परवडत नसेल तर सवलत मागावी का?

मागावी, आणि नमुन्यातल्या आईसारखी जमेल ती रक्कम स्पष्ट लिहावी. "काही कमी होईल का?" या प्रश्नापेक्षा "आम्हाला इतके जमतील" या वाक्याला उत्तर देणं सोपं जातं. आठवड्यात दोनऐवजी एक तास असाही मार्ग निघतो. फक्त मूल लाजाळू आहे हे सवलतीचं कारण करू नका.

लाजाळू मुलाला एकट्याचा तास लावावा की गटाचा?

बहुतेक पालक एकट्याचा तास मागतात. त्याची फी गटाच्या दुप्पट-तिप्पट असते आणि माझ्या अनुभवात यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना तो जड जातो. कारण साधं आहे. एकट्याच्या तासात चाळीस मिनिटं एका मोठ्या माणसाचं सगळं लक्ष त्या मुलावर असतं. तोंड उघडलं की आपलाच आवाज ऐकू येणार, दुसऱ्या कुणाच्या आवाजात तो लपवता येत नाही. चार-पाच जणांच्या गटात मूल आधी नुसतं ओठ हलवू शकतं, मग कुजबुजू शकतं, मग हळूच आवाज मिसळू शकतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गट मात्र खरंच लहान हवा. पंधरा-वीस मुलांत गप्प मूल वर्षभर गप्प बसून राहू शकतं.

ज्या मुलाला इतर मुलांची, त्यांच्या हसण्याची भीती आहे, त्याला मात्र सुरुवातीला एकट्याचा तास बरा. म्हणूनच पत्रात भीती नेमकी कशाची ते लिहा.

मूल वर्गात गातच नाही, याला लाजेशिवाय दुसरं कारण असू शकतं का?

हो, आणि ते मी स्वतः उशिरा शिकले. ते कारण म्हणजे पट्टी, म्हणजे सा किती उंच किंवा खाली धरायचा ते. हार्मोनियमच्या ज्या पट्टीला सा धरतात तिच्यावरून तिला काळी एक, पांढरी दोन असं म्हणतात. पुरुष शिक्षक पुष्कळदा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. त्यांच्या सुरात सूर मिळवायला गेलं तर लहान मुलाला तो सा फार खाली जातो. वरच्या सप्तकात घेतला तर तार षड्जापर्यंत, म्हणजे त्याही वरच्या सापर्यंत जाताना घसा ताणावा लागतो. लहान मुलांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा लागतो. धीट मूल अशा वेळी ओरडून गातं. लाजाळू मूल गप्प बसतं आणि सगळे म्हणतात, लाजतंय.

ओळखायचं कसं? मूल घरी आपणहून गुणगुणतं तेव्हा मोबाइलवर हळूच अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि शिक्षकांना पाठवा. ते कुठल्या सुरात सहज गातं हे त्यांना लगेच कळेल. ते रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाला कळलं तर घरातलं गुणगुणणंही बंद होईल.

आईने किंवा बाबांनी वर्गात बसावं का?

पहिले काही तास बसावं. बसण्याची जागा मात्र हळूहळू बदला: आधी मुलाच्या मागे, मग दाराशी, मग बाहेरच्या पायरीवर. मूल रमलंय असं बघून गुपचूप निघून जाऊ नका. पाच मिनिटांनी मान वळवून आई दिसली नाही की पुढचे चार तास मूल फक्त दाराकडे बघत बसतं. "मी दूध घेऊन साडेपाचला येते" असं सांगा आणि साडेपाचलाच या. वर्गात बसल्यावर "गा ना, म्हण ना" अशा खुणा करू नका. पालकांनी वर्गात बसायला एखाद्या क्लासची अजिबात तयारी नसेल आणि त्याचं कारणही सांगत नसतील, तर तिथे मूल पाठवू नका.

परीक्षेला बसवावं का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रातल्या बहुतेक क्लासेसमध्ये देतात. त्यातल्या पहिल्या, प्रारंभिक परीक्षेला लेखी पेपर नसतो, परीक्षकांसमोर बसून गावं लागतं. गप्प मुलासाठी हीच अडचण. वर्षातून दोन सत्रं असतात, त्यामुळे एक सत्र सोडलं तर सहा महिनेच पुढे जातात. त्या मुलीला मी पहिल्या वर्षी बसवलं नाही. क्लासमध्ये परीक्षा सक्तीची आहे का, हे पत्रात विचारून ठेवा.

मूल शाळेतही वर्षभर बोललेलं नाही. गाण्याने मोकळं होईल का?

घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने अजिबात बोलत नसेल, तर त्याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम असू शकतो. तो हट्ट नाही किंवा उद्धटपणाही नाही, चिंतेचा एक प्रकार आहे. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांना आधी भेटा. गाण्याचा क्लास सोबतीला असू दे, पण तो उपचार नाही. उपचार सुरू असतील तर तसं पत्रात लिहा, म्हणजे घरी, शाळेत आणि माझ्याकडे मुलाशी वागण्याची पद्धत एक राहील.

थांबायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

वर्गात गातं की नाही यावरून ठरवू नका. घरी काय होतं ते बघा. वर्गात महिनाभर मुकं बसलेलं मूल घरी पलटे, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या ओळी म्हणत असेल, बहिणीला "असं नाही, असं" म्हणून शिकवत असेल, तर चालू ठेवा. उलट सहा-सात आठवडे झाले तरी क्लासच्या दिवशी दुपारपासून पोट दुखतं, झोपेत दचकतं, आणि पूर्वी घरी गाणारं मूल आता घरीही गात नाही, असं असेल तर थांबा. शेवटचं लक्षण मी सगळ्यांत गंभीर मानते.

थांबताना शिक्षकांना दोन ओळी लिहा आणि मुलाला निरोप घ्यायला घेऊन या. एका मुलाने असाच क्लास सोडला होता. जाताना तो काही बोलला नाही, फक्त हार्मोनियमचा भाता मिटवून त्याची कडी लावून गेला. दोन वर्षांनी त्याच्या वडिलांचं पत्र आलं: त्याला परत यायचंय, यावेळी तबला शिकायचा म्हणतो, ट्रायल मिळेल का?